हिरवी केळी मागितली की हिरवीच मिळतात का? सीएफजी आणि स्टेप्सचा अनुभव

रावेरला आमचं फ्लेक्स आणि लेबलांचं दुकान आहे. केळीच्या खोक्यांवर छापायची चित्रं बरेच महिने दुकानातल्याच कॉम्प्युटरवर स्टेबल डिफ्यूजन १.५ हे शब्दांवरून चित्र काढणारं एआय मॉडेल वापरून काढतोय.

इथून माल हिरवा जातो, त्यामुळे व्यापाऱ्याला चित्रातही हिरवाच घड हवा असतो. मॉडेलच्या डोक्यात मात्र केळी म्हणजे पिवळी. `green unripe bananas` लिहून, सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, तोच ठेवून फक्त सीएफजी स्केल हलवलं, म्हणजे लिहिलेलं मॉडेलने किती काटेकोर पाळायचं तो आकडा. ४ वर मागचा डोंगर, ऊन, पानं सुरेख आली, पण केळी पिवळसरच. ७-८ वर हिरवी झाली. १३ वर हिरवा रंग रेडियमसारखा झाला, सावल्या काळ्याठिक्कर पडल्या आणि पानांच्या कडा करपल्यागत दिसायला लागल्या. असलं चित्र छापायला घेऊच नका, शाईत आणखी भडक दिसतं.

हे असं का होतं? चित्र नॉइजमधून, म्हणजे नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातून, एकेका स्टेपने साफ होत जातं. दर स्टेपला मॉडेल दोन अंदाज बांधतं, एक आपण लिहिलेला प्रॉम्प्ट वाचून आणि एक न वाचता. दोन्हींतला फरक सीएफजीच्या आकड्याने गुणून न वाचलेल्या अंदाजात मिळवला जातो. निगेटिव्ह प्रॉम्प्ट, म्हणजे चित्रात काय नको ते, लिहून दिला, तर तो त्या दुसऱ्या अंदाजाच्या जागी बसतो. म्हणून आकडा १ ठेवला की निगेटिव्ह प्रॉम्प्ट लिहून काही उपयोग नाही.

आता खरी गोम. झाडावरच्या घडात केळ्यांची टोकं वर वळलेली असतात आणि केळफूल खाली लोंबतं. मॉडेल टोकं खाली दाखवतं, आणि आपल्याकडचा शेतकरी ते बघून हसतो. इथे सीएफजी कितीही चढवा, घड सुलटा होत नाही. मॉडेलला जे ठाऊकच नाही ते आकडा वाढवून येणार कुठून? त्यासाठी मळ्यातला फोटो घेऊन इमेज-टू-इमेज, म्हणजे त्या फोटोवरूनच चित्र, करावं लागतं.

स्टेप्स वाढवल्या की चित्र जास्त ऐकतं, हा समज मला पटलेला नाही. `DPM++ 2M Karras` या सॅम्पलरवर, म्हणजे नॉइज साफ करायच्या पद्धतीवर, १० ला चित्र कच्चं राहतं, २५ च्या आसपास ठरतं, आणि ५० ला तेच चित्र दुप्पट वेळ खाऊन मिळतं. `Euler a` ची तऱ्हा निराळी. तो दर स्टेपला नवा नॉइज मिसळतो, त्यामुळे २० च्या ४० केल्या की घडाची जागा, पानांची मांडणीसुद्धा बदलते. वेगळेपण हवं असेल तर ठीक, पण गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या चित्राला हा सॅम्पलर लावून स्टेप्सना हात लावू नका.

माझी रीत अशी: आधी सीएफजी ५ वर वेगवेगळ्या सीडची पाच-सहा चित्रं काढून व्यापाऱ्यासमोर ठेवतो. पसंतीचा सीड धरून मग अर्ध्या-अर्ध्याने ७.५ पर्यंत चढवतो. मांडणी थोडी सरकते, तेवढं चालवून घेतो.

झटपट चित्र काढणारं लाइटनिंग किंवा टर्बो मॉडेल घेतलंत तर हे आकडे विसरा. तिथे साधारण १ ते २ सीएफजी आणि मोजक्याच स्टेप्स लागतात. ७ ठेवलंत तर चित्र जळून जातं.