गोंगाटी खेळणं, टीव्ही की हेडफोन: लहान मुलाच्या कानाला काय चालेल?

चार वर्षांच्या मुलासाठी यांतलं काय घ्यायचं हे ठरवताना फक्त आवाजाचा आकडा पाहून भागत नाही. आवाज कानापासून किती लांब आहे आणि किती वेळ चालतो, हेही तितकंच पाहावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला 40 तास, 75 डेसिबल ही मर्यादा सांगते. आवाज 3 डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती खेळण्यांची. सायरनवाल्या गाडीचा आवाज साधारण अर्ध्या मीटरवरून मोजतात, पण मूल ती उचलून थेट कानाशी धरतं. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. म्हणजे अर्ध्या मीटरवर 80 असलेली गाडी कानापासून सहा सेंटिमीटरवर 98 च्या आसपास जाते. तेवढ्या आवाजाला वरच्या हिशेबाने आठवडाभरात जेमतेम 12 मिनिटं मिळतात. आयएसआय चिन्ह जरूर पाहा, पण दुकानातच गाडी स्वतःच्या कानाजवळ वाजवूनही बघा. तुम्हाला डोकं मागे घ्यावंसं वाटलं तर ती घेऊ नका. घरात आधीच असेल तर स्पीकरच्या भोकांवर जाड चिकटपट्टी लावा, आवाज बराच दबतो.

टीव्ही दोन-तीन मीटर लांब असतो, म्हणून तिघांत तोच बरा. मात्र मिक्सर किंवा पंखा सुरू झाला की आवाज वाढवला जातो आणि नंतर कमी करायचा राहून जातो. मुलाच्या जागी बसा आणि शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलून पाहा. ओरडावं लागलं तर टीव्हीचा आवाज मोठा आहे.

मुलांच्या हेडफोनवर ‘85 डेसिबलपर्यंत सुरक्षित’ असं लिहिलेलं असतं. 85 हा आकडा कारखान्यात आठ तास काम करणाऱ्या मोठ्या माणसांच्या नियमातून आलेला आहे. वरच्या हिशेबाने मुलाला त्या आवाजात आठवड्याला फक्त चार तास, म्हणजे रोज साधारण अर्धा तास मिळतो. घरी रोज तासभर कार्टून बघणाऱ्या मुलाला मी हेडफोन देणार नाही.

मुंबई-नागपूर रेल्वेप्रवासात मात्र हेडफोन लागतोच. तिथे कान पूर्ण झाकणारा घ्या. कानावर नुसता टेकणारा हेडफोन डब्याचा खडखडाट आत येऊ देतो आणि मूल आवाज वाढवत जातं. कानात घालायचे इअरबड या वयात नकोतच. आयफोन असेल तर Headphone Safety मध्ये Reduce Loud Audio चालू करून 75 ठेवा. इतर कंपन्यांच्या हेडफोनला तो आकडा अंदाजे लागू पडतो. त्यामुळे एका हाताच्या अंतरावरून हळू हाक मारा. मुलाने मान वळवली नाही, तर आवाज आणखी कमी करा.

कानात ‘शीळ वाजते’ असं मूल म्हणालं किंवा सारखं ‘काय?’ विचारू लागलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्या. सर्दीनंतर कानात पाणी साचूनही असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. आवाजाने गेलेलं ऐकू येणं मात्र परत येत नाही.