एकाच कराराच्या दोन प्रती आल्या, सोबत एकही ओळ नाही: फरक दाखवायचा कसा?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांचे करार तपासणाऱ्याकडे अशा जोड्या नेहमी येतात. एकाच कराराच्या दोन फायली, आणि काय हवंय याबद्दल एक शब्दही नाही. अशा वेळी तीन वाटा असतात: खाडाखोड दाखवणारी प्रत, कलमवार तक्ता, किंवा महत्त्वानुसार लिहिलेलं एक पानी टिपण. कुठली कधी निवडायची, ते दांडिया बाजारात राहणाऱ्या एका कारखानदार काकांच्या कराराच्या आधारे सांगतो. माल चाळीस लाखांचा, यंत्रावर कातून काढलेले सुटे भाग, आणि काका माल पुरवणारे.

वर्डमध्ये Review → Compare केलं की खाडाखोडीची प्रत दोन मिनिटांत तयार होते. तिचा मोठा गुण म्हणजे ती कुणाचीच बाजू घेत नाही आणि स्वल्पविरामही सोडत नाही. पण तिला सगळे बदल सारखेच. काकांच्या प्रतीत सगळ्यात जास्त लाल रंग पत्रव्यवहाराच्या कलमात होता, कारण खरेदीदाराच्या ऑफिसचा पत्ता बदलला होता. त्याखालोखाल डोळ्यांत भरत होता उशिराचा दंड. दर तोच, आठवड्याला अर्धा टक्का, पण कमाल मर्यादा ५ टक्क्यांवरून १० टक्के झालेली. काका नेमके तिथेच अडकले होते.

खरी गोम व्याख्यांच्या कलमात होती. जुन्या प्रतीत ‘डिलिव्हरी’ म्हणजे मकरपुऱ्यात माल ट्रान्सपोर्टरच्या ताब्यात देणं. नव्या प्रतीत खरेदीदाराच्या आवारात तपासणी होऊन स्वीकृतीपत्र मिळणं, आणि तपासणी किती दिवसांत करायची याची मुदत कुठेच नाही. पेमेंटचं कलम अक्षरशः तेच राहिलं: डिलिव्हरीपासून ३० दिवस. तिथे एकही लाल अक्षर नाही, तरी पैसे कधी मिळणार हे पूर्ण बदललं. दंडाचंही तसंच. माल वेळेवर पोचला आणि खरेदीदाराने तपासणीला मुदतीनंतर चार आठवडे लावले, तर ते चार आठवडे काकांचा उशीर म्हणून मोजले जाणार. आठवड्याला २० हजार, म्हणजे ८० हजार रुपये. उलट ५ टक्क्यांची मर्यादा १० झाल्याचा फटका दहा आठवडे उलटल्यावरच सुरू होतो.

म्हणून सही करणाऱ्या माणसासाठी मी टिपणच निवडतो. त्यात पहिला मुद्दा व्याख्येचा, त्याखाली तिच्यामुळे हललेली दोन कलमं, मग दंडाची मर्यादा, आणि पत्ता वगैरे शेवटी एका ओळीत. प्रत्येक मुद्द्याला जुनं वाक्य, नवं वाक्य, आणि रुपयांत किंवा दिवसांत परिणाम. यासाठी बदललेला प्रत्येक व्याख्याशब्द पूर्ण करारात शोधावा लागतो. हे काम वर्डचं Compare करून देत नाही, आणि वेळ जातो तो इथेच.

कायद्याचा आधारही टिपणातच नीट मांडता येतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार, करारात काहीही लिहिलं तरी, स्वीकृतीपासून ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. त्यामुळे पैसे कायमचे लटकत नाहीत. पण दंडाच्या कलमातून ही तरतूद सोडवत नाही, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाविरुद्ध दाद मागणं कुणालाच सोपं नसतं. व्याख्या सहीपूर्वी बदलून घेणंच बरं: ‘माल पोचल्यापासून सात दिवसांत तपासणी न झाल्यास स्वीकृत’ एवढी ओळ घातली तरी पुष्कळ.

टिपणाचा धोकाही आहे. लिहिणाऱ्याने बाजू धरलेली असते. खरेदीदाराच्या नजरेतून हीच व्याख्या फायद्याची. सूचना नसताना ही बाजू गृहीतच धरावी लागते, म्हणून टिपणाच्या माथ्यावर तीन गोष्टी लिहायच्या: तुम्ही माल पुरवणारे आहात असं धरलंय, अमुक फाइल जुनी मानलीय, आणि दोन्हींवर सह्या झालेल्या नाहीत. फायलीच्या नावातल्या ‘फायनल’वर विसंबू नये. जुनं-नवं उलटलं की सगळा निष्कर्ष उलटतो. जुन्या प्रतीवर सही झालेली असेल, तर प्रश्नच वेगळा: बदल मान्य करायला काका बांधील आहेत का?

कलमवार तक्ता मी क्वचितच करतो. हिशेब, उत्पादन आणि मालक अशा तिघांना आपापली कलमं पाहायची असतील तर तो सोयीचा, पण एक व्याख्या आणि तिने हललेली दोन कलमं त्यात तीन वेगळ्या ओळींत विखुरतात.

समोरच्या वकिलाला पाठवायची असेल तर मात्र खाडाखोडीचीच प्रत. आपलं टिपण त्यांच्या हाती जाता कामा नये. मूळ फाइल स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर खाडाखोडीच्या प्रतीवरही भरवसा कमी ठेवावा, कारण अक्षरं चुकीची वाचली जाऊन खोटे फरक उमटतात. तिथे आकडे आणि तारखा मूळ पानावर बोट ठेवून जुळवाव्या लागतात. काकांना टिपण वर आणि खाडाखोडीची प्रत खाली जोडून दिली, टिपणातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे त्या प्रतीतला कलम क्रमांक घालून.