सोसायटीच्या ग्रुपवर एकच लांब मेसेज टाकायचा की तुकडे करायचे?

आमची सोसायटी मुलुंडला, दोन विंग, ५६ फ्लॅट, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माणसं ९० च्या वर कारण काही घरांतून नवरा-बायको-मुलगा सगळेच आहेत. मी दोन वर्षं कमिटीत आहे, म्हणजे नोटिसा टाइप करायचं काम माझ्याकडे. पाण्याच्या टाक्या साफ करायच्या या एकाच कामासाठी मी तीन वेळा तीन पद्धतीने मेसेज टाकलेत, म्हणून तुलना त्यावरूनच करतो. तुमच्याकडे लग्नाचा ग्रुप असेल, ट्रेकचा असेल, फरक फार पडत नाही.

पहिल्यांदा मी सगळं एकाच मेसेजमध्ये टाकलं. शुक्रवारी रात्री पावणेअकराला, घरी येऊन जेवून, एकदाचं उरकून टाकू म्हणून. सुरुवातीला नमस्कार आणि दोन ओळी प्रस्तावना, मग रविवारी टाक्या साफ होणार, पाणी भरून ठेवा, मग सोमवारी लिफ्टचं सर्व्हिसिंग, मेंटेनन्स १५ तारखेच्या आत भरा, गणपतीची वर्गणी, गच्चीची चावी कुणाकडे आहे ती परत करा, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी एक ओळ की खालच्या टाकीच्या झाकणावर गाड्या लावू नका. माझ्या मते एकदम व्यवस्थित मेसेज. १९ जणांनी अंगठा दिला, चार जणांनी ओके लिहिलं.

रविवारी सकाळी नऊला साफसफाईवाले चौघं आले, मोटार, पाइप, बादल्या सगळं घेऊन, आणि बरोब्बर झाकणावर एक पांढरी गाडी उभी. ३०२ मधल्या काकांची. काका पुण्याला, चावी त्यांच्याबरोबर पुण्याला. फोन केला तर म्हणाले, "अरे वाचला की मेसेज, पाणी भरून ठेवलंय हिने. गाडीचं कुठे लिहिलं होतंस?" लिहिलं होतं, पण रीड मोअरच्या खाली. लांब मेसेज झाला की व्हॉट्सअ‍ॅप तो मध्येच कापतं आणि खाली रीड मोअर देतं, आणि काकांच्या दृष्टीने मेसेज तिथेच संपला होता. अंगठा मात्र दिला होता त्यांनी. तो अंगठा नेमका कशाला होता हे सात विषयांच्या मेसेजमध्ये कळायला मार्गच नाही, पाण्याला, वर्गणीला की नुसताच वाचला म्हणून. वर्गणीबद्दल "आमचे पोचले" असं एकाने लिहिलं ते मेंटेनन्सचं निघालं, तो घोळ वेगळाच. साफसफाईवाले दीड तास थांबून गेले, गच्चीवरची टाकी तेवढी झाली, खालची राहिली.

मग दुसऱ्या वेळी मी उलट्या टोकाला गेलो. आमची पुतणी म्हणाली काका एवढं मोठं कोण वाचतं, छोटे छोटे टाका. तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर सगळे तसंच बोलतात, एक ओळ, सेंड, एक ओळ, सेंड. मी पण टाकले, ११ मेसेज, तेही घाटकोपर ते भांडुप लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने. म्हणजे "नमस्कार सर्वांना", मग "येत्या रविवारी परत टाकी साफ होणार आहे", मग "पाणी बंद राहील", मग "सकाळी ९ पासून", मग "साधारण १ पर्यंत", असं. मध्ये नेटवर्क गेलं तेव्हा पाच गेले होते आणि सहा अडकले, तेवढ्यात बी विंगमधून कुणीतरी वाढदिवसाचा केक टाकला, त्यावर हॅपी बर्थडेची रांग लागली, आणि माझे उरलेले सहा त्या रांगेच्या मधून मधून उगवले. "गाडी काढावी" हा मेसेज केकच्या बरोब्बर खाली होता.

त्यात ५०१ च्या मालकीणबाई ठाण्याला राहतात, फ्लॅट भाड्याने दिलाय. त्यांनी भाडेकरूला एकच तुकडा फॉरवर्ड केला, "पाणी बंद राहील". तारीख नाही, वेळ नाही. तो बिचारा मुलगा रात्री साडेदहाला वॉचमनकाकांकडे, पाणी कधी येणार म्हणून. फॉरवर्ड केलेला मेसेज आपल्या शेजाऱ्यांना सोडून एकटा प्रवास करतो हे तेव्हा डोक्यात शिरलं. सोसायटीच्या मेसेजचं तर अर्धं आयुष्य फॉरवर्डमध्येच जातं, भाडेकरू, ड्रायव्हर, कामाच्या मावशी, गावी गेलेली आई. आणि ११ वेळा टिंग वाजल्यामुळे दोघांनी ग्रुप म्यूट केला, ते आजतागायत म्यूटच आहेत.

तर ही दोन्ही टोकं. लांब मेसेज फॉरवर्डला चांगला, सगळं बरोबर जातं, सहा महिन्यांनी सर्चमध्ये सापडतो, पण वाचला जात नाही आणि उत्तर कशाचं ते कळत नाही. तुकडे वाचले जातात पण एकत्र राहत नाहीत. तुकड्यांची पद्धत चालते ती चार-पाच मित्रांच्या ग्रुपवर, जिथे सगळे त्याच मिनिटाला ऑनलाइन आहेत आणि गप्पाच चालल्यात, कुठे भेटायचं, दादर का ठाणे. तिथे कुणी एवढा मोठा परिच्छेद टाकला तर उलट वाटतं की हा रागावलाय का. ९० जणांच्या ग्रुपवर, जिथे कुणी रात्री वाचतं कुणी दुसऱ्या दिवशी दुपारी, तिथे ती पद्धत नको.

तिसऱ्या वेळी मी तोडलं, पण विषयावरून तोडलं. माझी कसोटी आता एवढीच आहे की या मेसेजला लोकांकडून जी उत्तरं येणार असतील ती सगळी एकाच प्रश्नाची आहेत का. टाकीचा मेसेज, उत्तर काय, "ठीक आहे" किंवा "माझी गाडी मंगळवारपर्यंत हलणार नाही". मेंटेनन्सचा मेसेज, उत्तर "भरले". या दोन उत्तरांचा एकमेकांशी संबंध नाही म्हणून मेसेज दोन. तसंच वाचणारे वेगळे असतील तरी तोडायचं, गाड्या फक्त २२ घरांकडे आहेत. आणि आयुष्य वेगळं असेल तरी तोडायचं, टाकीचा मेसेज रविवारी दुपारी मेला, मेंटेनन्सचा १५ तारखेपर्यंत जिवंत हवा. पिन करताना हे लगेच जाणवतं, पिन अख्खा मेसेज होतो, त्यातली एक ओळ नाही होत, आणि मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस अशीच मिळते.

पण तारीख, वेळ, काय बंद आणि काय करायचं हे चार तुकडे कधीही वेगळे करायचे नाहीत, मेसेज कितीही लांबला तरी. तर शेवटी टाकीचे दोन मेसेज झाले. पहिला सगळ्यांना:

*रविवार २२ ता., सकाळी ९ ते दुपारी १ पाणी बंद, दोन्ही विंग.* वरची आणि खालची टाकी साफ होणार. शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा. १ नंतर पहिलं पाणी गढूळ आलं तर ५ मिनिटं नळ सोडून द्या. भाडेकरूंना हा मेसेज पाठवा.

आणि दुसरा, त्यानंतर लगेच नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी:

*गाडीवाल्यांसाठी: शनिवार रात्री ११ च्या आत ए विंगच्या जिन्यासमोरच्या ३ जागा रिकाम्या करा.* तिथे खालच्या टाकीचं झाकण आहे. गावाला जाणार असाल तर चावी वॉचमनकाकांकडे. ज्यांची गाडी तिथे असते त्यांनी इथेच रिप्लाय करा.

नमस्कार काढला. काहींना उद्धट वाटेल, ४०३ च्या काकूंनी बोलून दाखवलंच, पण लॉक स्क्रीनवर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि त्या जर "सर्व सभासदांना कळविण्यात येते की" यातच गेल्या तर लोकलमधला माणूस फोन परत खिशात टाकतो. आता मी नमस्कार शेवटी घालतो, काकूपण खूश. दोन्ही बाजूला स्टार टाकले की ओळ ठळक होते, ती एकच ओळ ठळक करायची, सगळंच ठळक केलं की काहीच दिसत नाही.

लांबी किती, तर शब्द मोजत बसू नका. स्वतःच्याच नंबरवर मेसेज पाठवता येतो, तिथे आधी टाकून बघा. रीड मोअर आलं तर एकतर काहीतरी जास्त आहे किंवा दोन विषय आहेत. मी अजून एक करतो, बाबांच्या फोनवर बघतो, त्यांचा फॉन्ट मोठा आहे, माझ्या फोनवरच्या आठ ओळी त्यांच्याकडे जवळजवळ अख्खा स्क्रीन भरतात. आणि पाठवायच्या आधीच बघा, नंतर एडिट करता येतं पण १५ मिनिटांतच, एडिटला परत टिंग वाजत नाही आणि कुणी आधीच फॉरवर्ड केला असेल तर तिकडे जुनाच राहतो. वेळ चुकली असेल तर एडिट करू नका, सरळ डिलीट करून नवा टाका.

खरोखरच मोठं असेल, म्हणजे एजीएमचे हिशोब किंवा रिडेव्हलपमेंटचं काही, तर पीडीएफ जोडायची पण तिच्यासोबत तीन ओळी लिहायच्याच, नुसती पीडीएफ कुणी उघडत नाही. तारीख ठरवायची असेल तर मेसेजच नको, पोल टाका.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे, आमच्याकडे वॉचमनकाका आणि दोन आजी, त्यांना एसएमएस. तिथे तोडायचं काम फोनच करतो, मराठी एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०, आणि काना, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. "रविवारी २२ ता. स. ९ ते १ पाणी बंद. गाड्या आवारातून काढा." हे ५६ मध्ये बसतं. ७० च्या पुढे गेलात की दोन एसएमएसचे पैसे.

त्या रविवारी झाकणावर गाडी नव्हती. ३०२ च्या काकांनी शनिवारी रात्री साडेदहालाच रिकाम्या जागेचा फोटो टाकला ग्रुपवर, खाली लिहिलं "आता खूश?", आणि त्यावर २० जणांनी हसून घेतलं. माझा मेसेज त्या हसण्यात पार वर गेला, पण पिन केलेला होता.