पाहुण्याला इंग्रजीत उत्तर देताना: ‘मच’, ‘मेनी’ की ‘अ लॉट ऑफ’?

तारकर्ली-देवबागकडे घरात दोन-तीन खोल्या काढून पाहुणे ठेवणाऱ्यांना रोज इंग्रजीत चार ओळी लिहाव्याच लागतात. पाणी किती, खोल्या किती, मासे मिळतील का. अडखळायला होतं ते याच ‘किती’ आणि ‘खूप’पाशी. म्हणून हे शब्द शेजारी शेजारी ठेवून बघू.

‘खूप’साठी तीन पर्याय आहेत. मोजता येणाऱ्या वस्तूला ‘मेनी’ आणि न मोजता येणाऱ्या वस्तूला ‘मच’, हे शाळेत शिकवतात. ते बरोबरच आहे, पण वस्तू मोजायची की नाही हे तिच्या नावावरून नेहमी ठरत नाही, ती कुठल्या रूपात समोर आहे त्यावर ठरतं. झाडावरचे नारळ ‘मेनी कोकोनट्स’. तोच नारळ खवून वाटणात गेला की एक-दोन असं मोजणं संपतं, मग ‘टू मच कोकोनट इन द करी’. जाळ्यात सापडलेले मासे ‘मेनी फिश’, कारण तिथे ‘फिश’ हेच अनेकवचनही आहे. ताटातला मासा मात्र ‘हाऊ मच फिश डू यू वॉन्ट?’ आंब्याचंही तसंच: पेटीतले ‘मँगोज’ मोजायचे, रस मोजायचा नाही.

इथे मराठी आपल्याला दगा देते. पैसे, तांदूळ, पोहे हे आपण अनेकवचनात बोलतो, म्हणून ‘मेनी मनी’, ‘मेनी राइस’ सहज तोंडात येतं. इंग्रजीत मनी आणि राइस दोन्ही न मोजण्यातले, त्यामुळे ‘मच’च. मोजायच्या असतात त्या नोटा किंवा तांदळाच्या गोणी.

‘अ लॉट ऑफ’ दोन्हीकडे चालतं, आणि साध्या होकारार्थी वाक्यात माझा कौल त्यालाच. ‘वी हॅव मच वॉटर’ व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. लोक ‘वी हॅव अ लॉट ऑफ वॉटर’ म्हणतात. ‘मच’ शोभतं ते नकारात आणि प्रश्नात: ‘देअर इजंट मच वॉटर.’ ‘मेनी’ होकारातही चालतं, फक्त थोडं लेखी वाटतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. ‘अ लॉट ऑफ’मागचं क्रियापद पुढच्या नामाप्रमाणे बदलतं: ‘अ लॉट ऑफ गेस्ट्स आर कमिंग’, पण ‘अ लॉट ऑफ राइस इज लेफ्ट’. आणि ‘हाऊ’, ‘टू’, ‘सो’ यांच्यानंतर ते लागत नाही. तिथे ‘मच’ की ‘मेनी’ हे ठरवावंच लागतं.

‘थोडं’कडे आलं की दोन्हीकडे चालणारा ‘सम’ आहे, पण आपल्या तोंडात येतात ते ‘फ्यू’ आणि ‘लिटल’, आणि नुकसान इथेच होतं. मोजण्यातल्या वस्तूला ‘फ्यू’, न मोजण्यातल्या वस्तूला ‘लिटल’. त्याच्याआधी ‘अ’ आहे की नाही यावर सगळा अर्थ फिरतो. समजा, दिवाळीच्या सुट्टीसाठी कुणी खोल्या विचारल्या आणि तुम्ही लिहिलंत, ‘वी हॅव फ्यू रूम्स. लिटल हॉट वॉटर इन द मॉर्निंग.’ सांगायचं होतं की काही खोल्या आहेत आणि सकाळी थोडं गरम पाणी मिळेल. वाचणाऱ्याला कळलं की खोल्या जवळपास नाहीतच आणि गरम पाण्याचीही बोंब. तो दुसरीकडे जाईल. लिहायचं असं: ‘वी हॅव अ फ्यू रूम्स. देअर इज सम हॉट वॉटर इन द मॉर्निंग.’ ‘अ लिटल हॉट वॉटर’ही चुकीचं नाही, पण पाहुण्याला ते ‘जेमतेम’ वाटू शकतं. म्हणून ‘सम’ बरं.

‘अ’ नसलेलं रूप टाकाऊ आहे असं नाही. मे महिन्यात विहीर तळाला गेली की न्हाणीघरात ‘वी हॅव लिटल वॉटर इन मे. प्लीज यूज इट केअरफुली’ अशी पाटी अगदी चपखल बसते, कारण तिथे टंचाईच सांगायची असते. ‘ओन्ली अ फ्यू रूम्स’ म्हटलं तरी ‘मोजक्याच’ असाच अर्थ होतो. उलट ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बरेच; दिसायला मात्र हे अगदी फसवं.

माशांच्या बाबतीत आणखी एक अडचण. ‘अ लिटल फिश’ म्हणजे थोडा मासा की एक लहानसा मासा, हे वाक्यावरूनच ठरतं. जेवणाबद्दल लिहिताना तिथेही ‘सम फिश’ म्हणावं.

बोलताना नुसतं ‘फ्यू’ किंवा ‘लिटल’ जरा पुस्तकी वाटतं. जूनमध्ये मासेमारी बंद असताना पाहुण्याने ताज्या सुरमईचा हट्ट धरला, तर ‘देअर इजंट मच फ्रेश फिश नाऊ’ म्हणावं; खोल्या भरत आल्या असतील तर ‘नॉट मेनी रूम्स लेफ्ट’.