कुर्त्याचं सुती कापड: कडक तागा घ्यावा की मऊ?

दुकानदाराने दोन तागे उलगडले. दोन्ही सुती, गडद निळे, पन्हा 44 इंच. एक 110 रुपये मीटर, कडक आणि गुळगुळीत. दुसरा 160 रुपये, हाताला जरा मरगळलेला. मला रोजच्या कुर्त्यासाठी अडीच मीटर हवं होतं.

नुसत्या स्पर्शावर गेलं तर पहिलाच आवडतो, कारण कडक कापड भरीव वाटतं. पण हा कडकपणा बऱ्याचदा खळीचा असतो आणि धुतल्यावर निघून जातो. म्हणून दोन्ही कापडं मुठीत घट्ट चुरगाळून पाहिली. पहिल्यावर कागदासारख्या धारदार घड्या उठल्या, दुसऱ्यावर साध्या सुरकुत्या. सुती कापड चुरगळणारच. अजिबात चुरगळलं नाही, तर त्यात पॉलिएस्टर असण्याची शंका घ्यावी.

माझा खरा भरवसा घासण्यावर. कोपरा दुहेरी धरून कापडावर कापड पंधरा-वीस वेळा जोरात चोळलं. पहिल्या ताग्याच्या निळ्या रंगावर पांढरट भुकटी दिसली आणि तेवढा भाग लुळा पडला. दुसरा होता तसाच राहिला. मग ओला पांढरा रुमाल दोन्हींवर घासला. रंग दोन्हींचा लागला, पहिल्याचा जास्त. गडद निळा थोडा उतरणं मात्र मी दोष मानत नाही. असं कापड सुरुवातीला वेगळं धुवावं.

चोळलेला कोपरा घेऊन दाराशी गेले, कारण दिवसाच्या उजेडात वीण नीट दिसते. पहिल्याचा न चोळलेला भाग दाट दिसत होता, चोळलेला चाळणीसारखा. धाग्यांमधल्या फटी खळीने बुजवल्या होत्या, हे तिथेच कळलं. दुसऱ्यात दोन्ही भाग सारखे दिसले. हातमागाच्या कापडात धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो. तेवढ्यावरून ते नाकारू नये.

शेवटी ताण. दोन्ही अंगठे इंचभर अंतरावर ठेवून कापड आडवं ओढलं. पहिल्याचे उभे धागे सरकले आणि सोडल्यावरही फट तशीच राहिली. असं कापड काखेत आणि बाजूच्या शिवणीवर उसवतं, शिंप्याने कितीही बारीक टाके घातले तरी. दुसऱ्याचे धागे जागचे हलले नाहीत. ही परीक्षा तिरकं ओढून करू नये, कारण विणलेलं कुठलंही कापड तिरकं ताणलं जातंच.

कुर्त्यासाठी मी 160 चं घेतलं. ओढणी हवी असती तर पहिलंही चाललं असतं, कारण ओढणीच्या शिवणीवर ताण येत नाही.

कापड किती आटेल हे मात्र या चारही परीक्षांत कळत नाही. पाच टक्के आटलं, तरी अडीच मीटरमध्ये साडेबारा सेंटीमीटर कमी होतात. म्हणून पावणेतीन मीटर घेतलं आणि शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर वेगळ्या बादलीत भिजवून वाळवलं.