आयोडीन आणि सुदान ४: सात महिन्यांचा अनुभव, आणि एरंडीने दिलेला चकवा

आयोडीन स्टार्चला निळं करतं, सुदान ४ तेलाला लाल. जूनपासून आमच्या कॉलेजच्या बॉटनी लॅबमध्ये ही दोन्ही रंगद्रव्यं मीच बनवते आणि प्रॅक्टिकलला मीच वाटते. आयोडीनवर मी खूश आहे. सुदानशी मात्र दोन महिने भांडण चाललं होतं. चूक बहुतेक माझीच होती, हे नंतर कळलं.

आयोडीनचं आधी. २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड ५ मिलीलिटर पाण्यात विरघळवायचं, त्यात १ ग्रॅम आयोडीन टाकून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं आणि मगच पाणी घालून ३०० मिलीलिटर करायचं. पहिल्यांदा मी घाईत सगळं पाणी एकदम ओतलं आणि आयोडीनचे काळे कण तळाशी तसेच बसून राहिले. नुसत्या पाण्यात ते जेमतेम विरघळतं, त्याला दाट आयोडाइडच लागतं. हे द्रावणही बटाट्याच्या कापाला जड होतं. स्टार्चचे कण काळेकुट्ट होतात आणि आतल्या रेषा दिसत नाहीत. मी ते आणखी पातळ करते, रंग कोऱ्या चहाइतका फिकट. काप पाण्यात ठेवून कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेला फिल्टर पेपर लावायचा. थेंब आत ओढला जातो आणि कण एकेक करून निळे होत जातात, मुलं तेवढ्या वेळ गप्प असतात! बाटली काचेच्या बुचाची आणि तपकिरीच हवी. रबरी बूच आयोडीनने खाऊन चिकट केलं होतं.

सुदानचं द्रावण म्हणजे ७० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळेल तेवढी पूड. अर्धा ग्रॅम १०० मिलीलिटरला पुरतो, थोडी तळाशी उरतेच. गरम करायचं ते वॉटर बाथवर, ज्योतीवर नाही. वापरायच्या आधी गाळायचंच. हा खरा रंग लागण्याचा प्रकार नव्हे. पूड अल्कोहोलपेक्षा तेलात जास्त विरघळते, म्हणून द्रावण सोडून थेंबात शिरते. वॉच ग्लास उघडी राहिली की अल्कोहोल उडतं आणि कापावर लाल सुया पडतात. त्या सुयांनाच ‘तेल’ म्हणून वहीत काढलेलं मी तपासलंय. थेंब गोल असतो, सुई टोकदार, एवढं बघितलं तरी पुरे.

आता एरंडी. बीत भरपूर तेल, मग याहून चांगला नमुना कुठला, असं मला वाटायचं. भ्रूणपोषाचे, म्हणजे बीतल्या अन्न साठवणाऱ्या भागाचे, पातळ काप घ्यायचे म्हणून मुलांनी तुकडा बटाट्याच्या खाचेत धरून ब्लेड फिरवलं. निकाल उलटाच आला. आयोडीनने निळे कण दिसले, सुदानने जवळजवळ काहीच नाही. एकीने विचारलं, “मॅडम, एरंडीत स्टार्च असतो का?” पिकलेल्या एरंडीच्या भ्रूणपोषात तो नसतो म्हणावा इतका कमी. मग मी स्लाइड नीट पाहिली. निळे कण पेशींच्या आत नव्हते. काही भिंतींवर पडलेले, काही बाजूच्या पाण्यात, आणि कव्हरस्लिपवर सुईने टिचकी मारली की सरकणारे. लांबट, मोठे, केंद्रबिंदू एका टोकाला सरकलेला. बटाटाच तो! आता आधाराला थर्मोकोल वापरते. गाजर चालतं म्हणतात, पण त्याचे केशरी कण सुदानच्या रंगाशी गोंधळ घालतात.

तेल नाहीसं होण्याचं कारण वेगळं होतं. जादा रंग धुवायला मी ९० टक्के अल्कोहोल वापरत होते. शेंगदाण्याला त्याने फारसं बिघडत नव्हतं, म्हणून संशय आला नाही. एरंडेल मात्र इतर तेलांसारखं नाही. ते अशा कडक अल्कोहोलात चांगलं विरघळतं, म्हणजे मी रंगाबरोबर तेलच धुऊन टाकत होते. आता काप एक मिनिट ५० टक्क्यांत, मग झाकलेल्या वॉच ग्लासमध्ये सुदानमध्ये पंधरा मिनिटं, पुन्हा ५० टक्क्यांत जेमतेम बुडवून काढायचा आणि ग्लिसरीनमध्ये ठेवायचा. थेंब केशरी-लाल राहतात.

पण त्यांचा आकार मोजायला सांगू नका. पेशीतले तेलाचे कण फार बारीक असतात. ब्लेडने कापताना ते फुटून एकमेकांत मिसळतात आणि आपल्याला दिसतात ते हे मोठे थेंब. शिवाय सुदान पानाच्या क्युटिकलला आणि बुचाच्या भिंतींनाही रंगवतो, त्यामुळे लाल दिसलं म्हणजे साठवलेलं तेलच, असं नाही. कव्हरस्लिप कायमची चिकटवणाऱ्या डीपीएक्समध्ये स्लाइडही होत नाही, कारण त्यातलं झायलीन तेल विरघळवतं.

प्रॅक्टिकलला आता मी चार-पाच तास भिजवलेला शेंगदाणाच देते. आधी सुदान, मग पाण्यात धुऊन फिकट आयोडीन. एकाच पेशीत लाल थेंब, निळे स्टार्चकण आणि पिवळसर प्रथिनं दिसतात. क्रम उलटा केला तर तेलाचे थेंब आयोडीन पिऊन आधीच पिवळट होतात. एरंडी परीक्षेसाठी राखून ठेवलीय, बटाट्याशिवाय.