दहा महिने सवयींची नोंद ठेवली : आधी अ‍ॅप, मग आलेख कागद

डिसेंबरमध्ये रक्तातली साखर तपासली तेव्हा एचबीएवनसी ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभे आहात. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, रात्री जेवणानंतर वीस मिनिटं चाला म्हणाले. शतपावली करा एवढंच. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीला एक फेरी मारायला साधारण चार मिनिटं लागतात, म्हणजे पाच फेऱ्या. यात नोंद ठेवण्यासारखं काय आहे, असं आई म्हणाली. पण मी आयटीतला माणूस, १ जानेवारीला अ‍ॅप उतरवूनच घेतलं.

पहिलं अ‍ॅप साखळीवालं होतं. काम झालं की बरोबरची खूण करायची, आकडा एकाने वाढतो, शेजारी ज्वाळेचं चित्र. एक दिवस चुकला की आकडा थेट शून्य. पहिला दीड महिना हे उत्तम चाललं, हे आधीच सांगतो. साडेनऊला फोन वाजायचा, मी चपला घालून खाली जायचो. नवी सवय लावताना जी आठवण लागते ती फोनच देऊ शकतो, कागद काही हाक मारत नाही.

बिघडलं फेब्रुवारीच्या शेवटी, आणि ते मला कळलं नाही. ऑफिसचा कॉल लांबला, घड्याळात ११:५० झाले, आणि मी खाली न जाता जेवणाच्या टेबलाभोवती चकरा मारायला लागलो. बायको म्हणाली, "अरे, काय शोधतोयस?" मी म्हटलं, "शतपावली." शब्दशः बघितलं तर शंभर पावलं झालीच होती, सव्वा मिनिटात. खूण केली. त्यानंतर टेबलाभोवतीची शतपावली आठवड्यातून दोनदा होऊ लागली. मार्चमध्ये तर पार्किंगपासून लिफ्टपर्यंतचं चालणंही मी त्यात धरलं. एकदा अंथरुणात पडल्यावर आठवलं, तेव्हा खूण करून टाकली आणि 'उद्या दोनदा चालू' असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एकदाच चाललो.

२८ मार्चला आकडा ८७ झाला. २९ला साताऱ्याला भाचीचा साखरपुडा, परतताना खंबाटकीच्या अलीकडे गाड्या तुंबलेल्या, घरी पोचलो साडेबाराला. आकडा शून्य. खरं तर ३० तारखेला नेहमीसारखं खाली उतरायचं होतं. मी अकरा दिवस उतरलोच नाही. तुटलंच आहे तर आता सोमवारपासून, मग एक तारखेपासून, मग गुढीपाडवा गेलाच म्हणून अक्षय्य तृतीयेपासून, असा हिशोब सुरू झाला. एप्रिलमध्ये पुन्हा रक्त तपासलं. ८७ दिवसांची अखंड साखळी, आणि एचबीएवनसी ६.१. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे तिला टेबलाभोवतीच्या चकरा फसवू शकत नाहीत.

अर्थशास्त्रात याला गुडहार्टचा नियम म्हणतात. चार्ल्स गुडहार्ट यांनी तो १९७५ साली ब्रिटनच्या पतधोरणाबद्दल लिहिताना मांडला. मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप म्हणून कामाचं राहत नाही, असा त्याचा आज प्रचलित असलेला आशय. मी स्वतःच्या घरात, स्वतःलाच, कुणीही विचारत नसताना खोटा अहवाल देत होतो.

आता यात अ‍ॅपचा दोष किती? शून्य करण्याचा तो नियम मला चुकीचाच वाटतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांच्या सवयी बारा आठवडे पाहिल्या होत्या. तो अभ्यास २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता, पण कुणाला १८ पुरले तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. माझ्या कामाची गोष्ट पुढची आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय पक्की होण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे साताऱ्याचा दिवस निरुपद्रवी होता. नुकसान केलं ते नंतरच्या अकरा दिवसांनी, आणि ते दिवस शून्याच्या त्या आकड्याने घडवले.

म्हणून एप्रिल-मे लूप हॅबिट ट्रॅकर वापरलं. अँड्रॉइडवर फुकट आहे, जाहिराती नाहीत, कोड सगळ्यांना खुला आहे. यात साखळी दिसते, पण मुख्य आकडा सवयीच्या ताकदीचा असतो. रोजची सवय न चुकता पाळली तर महिन्याभरात तो सुमारे ८० टक्क्यांवर जातो, दोन महिन्यांत ९६ वर. ८० वर असताना एक दिवस चुकला तर तो साधारण ७६ होतो, आणि पुढचे चार दिवस पाळले की भरून निघतो. लागोपाठ दिवस चुकत गेले तर मात्र चांगलाच घसरतो. हे मला प्रामाणिक वाटलं. आठवड्यातून तीनदा करायची कामं यात नीट बसतात, आणि कुठल्या वारी काम जास्त होतं तेही दिसतं. अ‍ॅपच वापरायचं असेल तर असंच घ्या.

मग सोडलं का? फोनमुळे. खूण करायला दोन सेकंद, पण तेवढ्यासाठी फोन हातात घेतला की सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचं भांडण चालू असायचं. झोप पाऊण तासाने पुढे. शिवाय आज आकडा ९१ आहे की ९२, हे मी दिवसातून तीनदा बघायला लागलो होतो. जुनंच दुखणं, फक्त चांगल्या सूत्राने.

जूनच्या पहिल्या शनिवारी अप्पा बळवंत चौकातून आलेख कागद आणले. छापील हॅबिट ट्रॅकरच्या वह्याही दिसल्या, एका पानावर वीस-वीस सवयींच्या रांगा. घेऊ नका. वीस रांगा भरणं हीच एकविसावी सवय होते. माझ्या कागदावर आडवे ३१ रकाने आणि उभ्या फक्त दोन रांगा: शतपावली आणि पेटीचा रियाज. कागद चपलांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, दोऱ्याने पेन्सिल बांधली. जागा महत्त्वाची आहे. चालून आलो, चपला काढल्या, तिथेच खूण. टेबलाभोवती चालणाऱ्याला चपलांच्या कपाटापर्यंत जायची थोडी तरी लाज वाटते.

कागद चिकटवण्याआधी वर एक ओळ लिहिली: 'घराबाहेर, जेवणानंतर तासाभरात, किमान तीन फेऱ्या.' ही व्याख्या महिना संपेपर्यंत बदलायची नाही. पाच फेऱ्या झाल्या तर भरीव टिंब, तीन-चार झाल्या तर पोकळ टिंब, त्याहून कमी म्हणजे खाडा, मग कारण काहीही असो. खाड्याच्या चौकटीत मात्र कारणाचं अक्षर लिहायचं: पा म्हणजे पाऊस, ऑ म्हणजे ऑफिस, गा म्हणजे गावाला, कं म्हणजे कंटाळा. अ‍ॅपमध्येही टीप लिहायची सोय होती, पण मी एकदाही लिहिली नाही. इथे पेन्सिल हातातच असते.

जुलैच्या पानाने मला शहाणं केलं. अकरा खाडे. अ‍ॅपवर हे बघून जीव गेला असता. पण अक्षरं वाचली तर पा दोनच होते, मी मात्र सगळं पावसावर ढकलत होतो. गा एक, कं एक, आणि ऑ सात, सगळे मंगळवार-गुरुवारचे. त्या दोन दिवशी रात्री नऊला अमेरिकेचा कॉल असतो. म्हणजे हा निग्रहाचा प्रश्न नव्हताच, वेळापत्रकाचा होता. ऑगस्टपासून त्या दोन दिवशी जेवण साडेसातला आणि फेऱ्या आठला. ऑगस्टमध्ये खाडे चार. सप्टेंबरातही चारच, आणि त्यातला एक विसर्जन मिरवणुकीचा, ज्या रात्री मी अलका चौकापर्यंत इतका चाललो की पोटऱ्या धरल्या. व्याख्येत बसत नव्हतं म्हणून खाडाच मांडला. मुलगी म्हणाली, "बाबा, हे टू मच आहे." असेल.

कागदाचे तोटेही सांगतो. जूनच्या दमटपणात पहिला कागद सुटून चपलांत पडला आणि मोलकरणीने रद्दीत टाकला, आठ दिवसांची नोंद गेली. गावाला गेलं की कागद घरी राहतो, परतल्यावर आठवून भरावं लागतं, आणि आठवून भरलेली नोंद नेहमी आपल्या बाजूने झुकते. तीन दिवसांपूर्वीचं मी आता भरतच नाही, रकाना कोरा सोडतो. कागद आठवण करत नाही, त्यामुळे साडेनऊचा गजर फोनवर अजून आहे.

पेटीच्या रियाजाची नोंद मात्र मी ऑगस्टमध्येच बंद केली. वीस मिनिटं वाजवायची ठरवली होती. घड्याळाकडे बघत अलंकार उरकायला लागलो, आणि एकोणीस मिनिटांनी भूपात रंग भरत असताना विसाव्याला भाता सोडलेला मला स्वतःला दिसला. मुळात आवडीचं काम मोजायला घेतलं की ते काम वाटायला लागतं. आता पेटी उघडी ठेवतो, एवढंच. कधी पाच मिनिटं, कधी तास.

नोंद बिघडतेय हे ओळखायची माझी एकच कसोटी उरली आहे: 'हे धरायचं का?' असा प्रश्न मनात आला की बिघडलं. खरंच चाललेल्या दिवशी तो प्रश्न येत नाही. ऑगस्टअखेर दोन आठवडे कपाटावर कागदच लावला नाही, मुद्दाम. चौदापैकी बारा दिवस खाली गेलो. ती संख्या मनात धरून सांगतोय, लिहिलेली नाही, पण तेव्हाच कळलं की पाय आता आपणहून उतरतात. ऑगस्टचे चार खाडे म्हणालो त्यात हे दोन आहेत. सप्टेंबरअखेर तपासणीत ५.८ आली. चहातली साखरही याच काळात अर्धी केली होती, तेव्हा श्रेय कागदाला किती ते मोजत बसत नाही.

ऑक्टोबरपासून कागदही काढला आणि आईची पद्धत घेतली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती वर्षानुवर्षं दुधाचे खाडे मांडते. दूध आलं त्या दिवशी काही लिहायचं नाही, आलं नाही त्या दिवशी फुली. वाढत जाणारा आकडाच नाही, त्यामुळे जपायलाही काही नाही. नव्या सवयीला हे चालणार नाही, कारण फुली मारायला विसरलात तरी दिवस चांगलाच दिसतो. मुरलेल्या सवयीला पुरतं.

परवा महिना संपला. पानावर पाच फुल्या होत्या, दोन दुधाच्या, तीन माझ्या. आईने दूधवाल्याच्या बिलातून पाच दिवसांचे पैसे कापून घेतले.